आधी 'सैराट' की आधी 'धडक'?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची इंदूरहून आठ दिवस आमच्याकडे पुण्यास राहावयास आली होती. तिच्या घरी मराठी बोलले जाते. परंतु शिक्षण सगळे हिंदीतून आणि इंग्रजीतून झालेले, त्यामुळे तिची मराठी स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या पलीकडे फारशी जात नाही. एका संध्याकाळी तिने विचारले, "मामा, 'सैराट' पाहिलाच पाहिजे असे सगळे म्हणतात. पण त्यावरून केलेला हिंदी 'धडक'ही आहे ना? मग आधी कोणता पाहू?"

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्याची वीस वर्षे घालविलेल्या माणसाला अशा प्रश्नाचे उत्तर लगेच सुचते, आणि तेच त्याचे दुर्दैव असते. मी म्हणालो, आधी 'धडक' पाहा. हिंदी तुला कळते, कथा समजेल. मग 'सैराट' पाहताना करमाळ्याकडची बोली अडखळवणार नाही. शिवाय कनिष्ठ वस्तू आधी आणि उत्तम वस्तू नंतर घेतली, तर शेवटी तोंडात चव चांगली राहते. या दुसऱ्या मुद्द्याला शास्त्राचा आधारही आहे. जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि ड्राझेन प्रेलेक या दोन अभ्यासकांनी १९९३ साली असे दाखविले होते, की सुखाचे प्रसंग एकामागून एक यावयाचे असतील, तर माणसे बहुधा चढता क्रम पसंत करतात. भाचीने माझा सल्ला मानला. एका रात्री 'धडक' झाला, दुसऱ्या रात्री 'सैराट'.

'सैराट'च्या शेवटी आर्चीच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मी पडद्याकडे न पाहता भाचीकडे पाहत होतो. तिने उशी उचलून तोंडासमोर धरली आणि हलकेच म्हणाली, "आता मारतील ना?" तिचे म्हणणे बरोबर होते, आणि ते बरोबर असणे हेच चुकले होते. २०१६ साली पुण्यातल्या चित्रपटगृहात मी हेच दृश्य पाहिले, तेव्हा माझ्या आसपासच्या शेकडो माणसांत एकाच्याही मनात हा प्रश्न आलेला दिसला नव्हता. आर्ची पाहुण्यांना आत घेते, चहापाण्याचे पाहू लागते, आणि आम्ही सगळे मनातल्या मनात म्हणत होतो, की चला, निवळले एकदाचे.

दोन्ही चित्रपटांचे शेवट सांगितल्यावाचून या विषयावर पुढे एक पाऊलही टाकता येणार नाही. ज्या वाचकांनी यांपैकी एकही पाहिलेला नाही, त्यांनी हा लेख येथेच बाजूला ठेवावा, आधी 'सैराट' पाहावा, आणि मग हवे तर परत यावे. प्रश्नाचे उत्तर त्यांना एवढ्यावरच मिळालेले आहे.

हा प्रश्न तसा नवा आहे. आमच्या लहानपणी असा काही पर्याय समोर नसे. अलका, विजय, प्रभात यांपैकी जेथे जे लागले असेल ते पाहावयाचे. एखादा चित्रपट दुसऱ्या कशावरून बेतलेला आहे, हे कळावयाचे तेही वर्षांनी, कोणा जाणत्या काकांच्या तोंडून. आता मूळ आणि पुनर्निर्मित असे दोन्ही चित्रपट घरच्या पडद्यावर शेजारी शेजारी मांडलेले असतात. निवड करता येऊ लागली, आणि तिच्याबरोबर चुकीची निवड करण्याची सोयही झाली.

ही चूक कशाची, हे नीट पाहिले पाहिजे. चित्रपट कितीही वेळा पाहता येतो. पहिल्यांदा मात्र एकदाच पाहता येतो. कथेत पुढे काय होणार हे ठाऊक नसणे ही प्रेक्षकाच्या खिशातली एक नाणी आहे असे समजा. मूळ आणि पुनर्निर्मिती यांची कथा एकच असल्यामुळे दोघांच्या दारात मिळून हे एकच नाणे आपल्याला खर्च करता येते. ज्याच्याकडे आधी जाऊ, त्याला ते मिळते; दुसऱ्याकडे आपण रित्या खिशाने जातो. तेव्हा 'आधी कोणता?' याचा खरा अर्थ 'चांगला कोणता?' असा होत नाही. दोहोंपैकी कोणाचे या नाण्यावाचून अधिक अडेल, हे त्यात विचारलेले असते. चढत्या क्रमाचा माझा सिद्धान्त येथे फसला, तो याच कारणाने. त्या सिद्धान्तात पहिली वस्तू घेतल्याने दुसरीचा गुण बदलत नाही, असे गृहीत धरलेले असते. आज साधे जेवण आणि उद्या मेजवानी, येथे ते खरे आहे. परंतु आजच्या साध्या जेवणात उद्याच्या पक्वान्नाचाच घास असेल, तर हिशेब बदलतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. लांबी १७४ मिनिटे, म्हणजे तीन तासांना सहा मिनिटे कमी. शशांक खेतान यांचा 'धडक' २० जुलै २०१८ रोजी आला. लांबी १३७ मिनिटे. दोन्हींचे संगीत अजय-अतुल यांचेच. एकाच कथेतून सदतीस मिनिटे गेली, ती कोठून गेली हे पाहणे फार बोधक आहे.

'सैराट'चे दोन तुकडे आहेत आणि ते जाणूनबुजून एकमेकांशी विसंगत ठेवलेले आहेत. पूर्वार्ध म्हणजे उसाची शेते, विहीर, बुलेटवरून आणि ट्रॅक्टरवरून फिरणारी पाटलाची मुलगी, तिच्यासाठी वेडा झालेला मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या, आणि भव्य वाद्यवृंदाच्या साथीने येणारी गाणी. चित्रपटाची चारही गाणी याच भागात संपून जातात. प्रेक्षक चित्रपटगृहात उठून नाचले, ते या भागात. उत्तरार्धात गाणे नाही. पळून गेलेली दोघे हैदराबादेस येतात, भाषा कळत नाही, एक बाई त्यांना झोपडवस्तीत आसरा देते. परश्या डोशाच्या गाडीवर राबू लागतो, आर्ची कारखान्यात जाऊ लागते, तेलुगू शिकते. तिला तिथली घाण सोसवत नाही, घरची आठवण येते, दोघांत भांडणे होतात, संशय शिरतो, एकदा ती निघूनही जाते आणि परत येते. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून सांगतो, की मजुरी, भाडे, परकी भाषा आणि थकलेले शरीर यांनी एका संसाराचे काय होते, याचे इतके सविस्तर चित्रण आपल्या चित्रपटांत क्वचितच झाले असेल. पुष्कळ प्रेक्षकांना हा भाग लांबलेला वाटला होता, आणि माझ्या मते तो तसा वाटावा हीच दिग्दर्शकाची योजना असावी. कारण या लांबणीत आपण हळूहळू विसरतो, की यांच्या मागावर कोणी आहे. चित्रपटातली अडचण आता पैशाची आणि स्वभावाची आहे, अशी आपली खात्री पटत जाते. मूल होते, बरे दिवस येतात, आर्ची आईला फोन करते. आणि मग माहेरची माणसे येतात.

पुढचे दृश्य आपल्याला दाखवलेच जात नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते आणि घरात आईबाप रक्तात पडलेले दिसतात. आवाज नाहीसा झालेला असतो. ते लहानगे रडत, रक्ताची पावले उमटवीत बाहेर पडते, आणि चित्रपट संपतो. या शेवटाची सगळी ताकद त्याच्या आधीच्या तासाभराच्या विसरण्यावर उभी आहे. जो विसरलेला नाही त्याच्यासमोर तो एक भीषण प्रसंग म्हणून उभा राहतो. जो विसरला होता, त्याला मात्र आपणच दार उघडून त्या माणसांना आत घेतले असे वाटते. माझ्या भाचीने हे दार उघडलेच नाही. तिला 'धडक'ने आधीच सांगून ठेवले होते.

'धडक'ने कथा करमाळ्याहून उदयपुरास नेली. माशांवर पोट भरणाऱ्या घरातला मुलगा तेथे उपाहारगृहवाल्याचा मुलगा झाला, आणि पाटलाच्या जागी निवडणुकीच्या राजकारणातले घराणे आले. पळालेली दोघे शेवटी कोलकात्यास पोहोचतात. जातीचा उल्लेख आहे, पण तो पुसट आहे. बापाच्या रागामागे प्रतिष्ठा आणि राजकारण अधिक दिसते. दोन घरांतले अंतर असे कमी केल्यावर घसरणही कमी होते. उसाच्या शेतांच्या मालकिणीने झोपडीत राहणे आणि महालातल्या मुलीने शहरातल्या बऱ्या खोलीत राहणे यांत जे अंतर आहे, तेवढ्या अंतराने उत्तरार्ध हलका झाला. सदतीस मिनिटांचा बराच भाग, माझ्या मते, तेथेच गेला आहे. प्रेक्षकाला विसरण्यासाठी लागणारा वेळच 'धडक' देत नाही.

तथापि 'धडक'च्या कर्त्यांना एक गोष्ट नक्की कळलेली होती. आपल्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी 'सैराट' पाहिलेला आहे, हे त्यांनी ओळखले आणि शेवट बदलला. पार्थवीचा भाऊ माणसे घेऊन येतो. परंतु ती घराबाहेर असताना मधुकर आणि मूल यांना इमारतीवरून खाली फेकले जाते, आणि ते तिच्या डोळ्यांसमोर पडतात. ती जिवंत राहते. 'सैराट' पाहिलेला प्रेक्षक येथे दोघांच्या मरणाची वाट पाहत असतो आणि त्याला वेगळेच मिळते. एक मूल मागे राहणे आणि एक स्त्री मागे राहणे, यांतून उठणारे प्रश्नही वेगळे आहेत. मूल काहीच जाणत नाही, तर पार्थवीला आपल्या भावाचा चेहरा घेऊन उरलेले आयुष्य काढावयाचे आहे.

आता क्रमाचा निर्णय आपोआप होतो. 'सैराट' आधी पाहिला, तर 'धडक'जवळ देण्यासारखे काहीतरी उरते: बदललेला शेवट, आणि काय काय गाळले याची नोंद घेण्याचा बौद्धिक आनंद. 'धडक' आधी पाहिला, तर 'सैराट'कडून त्याची सर्वांत मौल्यवान वस्तू काढून घेतली जाते, आणि बदल्यात 'धडक'ला काही विशेष मिळतही नाही. हे नुकसान एकाच बाजूचे आहे, आणि म्हणूनच येथे क्रम रुचीवर सोडता येत नाही. बोलीचा मुद्दा उरतो. परंतु पडद्याच्या तळाशी भाषांतराच्या ओळी घेता येतात आणि न कळलेला शब्द शेजारच्या मामाला विचारता येतो. न कळलेल्या शब्दाची भरपाई होते. कळून बसलेल्या शेवटाची होत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो माझ्या एका सहकाऱ्याने घेतलाही. २०११ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथील लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी बारा लघुकथा घेऊन प्रयोग केला. काही वाचकांना शेवट आधीच सांगितला, काहींना सांगितला नाही, आणि ज्यांना तो आधी कळला होता त्यांनाच कथा सरासरीने अधिक आवडल्या. मग शेवट कळल्याने बिघडते काय? प्रयोग खोटा आहे असे मी म्हणणार नाही. गुंतागुंतीची कथा शेवट ठाऊक असला की सोपी होते, मन मोकळे होऊन बारकावे टिपते, हा आपलाही अनुभव आहे. रामायणाची कथा ठाऊक असल्यामुळे कीर्तन कंटाळवाणे होत नाही. परंतु दोन ओळींत शेवट समजणे आणि तोच शेवट गाण्यांसह, चेहऱ्यांसह, सव्वादोन तास डोळ्यांनी पाहून आलेले असणे यांत फरक आहे. माझ्या भाचीला 'सैराट'चा नुसता शेवट कळलेला नव्हता; परश्याच्या जागी तिच्या मनात दुसरा चेहरा बसलेला होता. 'झिंगाट'ची चाल सुरू झाली तेव्हा तिच्या ओठांवर हिंदी शब्द आले. माणसाचे मन पहिल्या वस्तूला माप मानते आणि दुसरी वस्तू त्या मापाने मोजते, हे आमच्या शास्त्राने पुष्कळ उशिरा मान्य केले. भाजीबाजारातल्या बाया ते पहिला भाव सांगताना रोज वापरीत आल्या आहेत. 'सैराट' हा मूळ चित्रपट असूनही तिच्या मनात तो 'धडक'चा ग्रामीण अवतार ठरला होता.

याचा अर्थ मूळ चित्रपटच नेहमी आधी पाहावा असा कोणी घेऊ नये. तसा नियम केला तर आम्हां पुणेकरांची मोठीच पंचाईत होईल. 'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ सालचा सचिन पिळगांवकर यांचा चित्रपट महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना जवळजवळ पाठ आहे. मी तो शाळकरी वयात पाहिला, आणि मूळ चित्रपट दुसराच आहे हे कळावयास मला पंधरा वर्षे लागली. हृषीकेश मुखर्जी यांचा 'बीवी और मकान' १९६६ सालचा, आणि त्याच्याही मागे १९५५ सालचा बंगाली 'जय मा काली बोर्डिंग'. ऐतिहासिक क्रमाने जावयाचे म्हटले, तर आधी बंगाली, मग हिंदी आणि मग मराठी असा प्रवास करावा लागेल. इतका संयम कोणाजवळ असेल असे वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही.

ती का नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. 'बनवाबनवी'त प्रेक्षकापासून काहीही लपविलेले नाही. बिऱ्हाड हवे, घरमालकीण जोडप्यांखेरीज कोणाला जागा देणार नाही, म्हणून चौघांपैकी दोघे लुगडी नेसतात. हे सर्व आपल्यासमोरच घडते. गुपित पडद्यावरच्या माणसांपासून आहे, आपल्यापासून नाही. आपल्याला ठाऊक आहे आणि लीलाबाई काळभोरांना ठाऊक नाही, यातूनच हसू येते. येथे माहिती हीच हास्याची सामग्री आहे, आणि ती पुन्हा पाहताना कमी होत नाही. उलट पुढे कोणता प्रसंग येणार हे माहीत असल्याने ओठ आधीच विलग होतात. येथे ते एकुलते नाणे खर्च होत नाही, म्हणून ते कोणाला द्यावे हा प्रश्नही उरत नाही. अशा वेळी ज्या भाषेत आपण हसतो त्या भाषेतला चित्रपट आधी पाहावा. विनोद समजावून सांगावा लागला की तो संपतो.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. 'बनवाबनवी'तले कथानक पुण्यात इतके सहज रुजले, त्यास घरांची टंचाई कारण आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे दुष्कर केले. त्यामुळे जागा द्यावयाची तर कोणाला, याची घरमालक अतोनात चिकित्सा करू लागले, आणि एकट्या तरुणांवर तिचा पहिला घाव पडला. वर्गात मी हा कायदा शिकविताना दोन तास घेतो. वसंत सबनीस यांच्या संवादांनी तो पाच मिनिटांत कळतो. 'बीवी और मकान' नंतर पाहिला तेव्हा मला त्यातली अडचण खरी वाटली, पण ती माझ्या गल्लीतली वाटली नाही. एवढ्यापुरती मराठी नक्कल मुळापेक्षा अस्सल आहे, असे म्हणण्यास मी कचरणार नाही.

मूळ कोणते आणि नक्कल कोणती हेच ज्यांत ठरत नाही, असेही चित्रपट आहेत, आणि ते याच शहरात तयार झाले. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली आणि आज जेथे चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे त्या जागेत तिने एकच कथा मराठीत आणि हिंदीत जोडीने चित्रित करण्याची पद्धत चालविली. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा 'कुंकू' आणि त्याचा हिंदी जोडीदार 'दुनिया न माने' हे दोन्ही १९३७ चे. शांता आपटे दोहोंत, केशवराव दातेही दोहोंत. यांत एकाला आधीचा म्हणता येत नाही. तेथे भाषेवर निर्णय करावा आणि मोकळे व्हावे.

परंतु १९४१ च्या 'शेजारी' आणि 'पडोसी' या जोडीत हे इतके सरळ राहत नाही. एका हिंदू आणि एका मुसलमान म्हाताऱ्याच्या मैत्रीची ही कथा. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. हिंदीत जागीरदारांनी मुसलमान मिर्झाची भूमिका कायम ठेवली, आणि हिंदू शेजाऱ्याची भूमिका मझहर खान या मुसलमान नटाला दिली. पाकिस्तानची मागणी पुढे आल्याला तेव्हा वर्ष लोटले होते. पडद्यावर हिंदू दिसणारा मुसलमान आणि मुसलमान दिसणारा हिंदू आहे, ही गोष्ट फक्त हिंदी आवृत्तीत आहे. हे ठाऊक असून 'शेजारी' आधी पाहिला, तर 'पडोसी'त ती निवड किती विचारपूर्वक केली होती ते उमगते. 'पडोसी' आधी पाहिला तर ती सहज नजरेतून निसटते. म्हणून येथे मी मराठी आधी पाहावा असे म्हणेन. दुसऱ्या चित्रपटाचे वेगळेपण दिसावयास तुलनेचे माप आधी हातात असावे लागते, एवढेच त्याचे कारण आहे. मराठीच्या अभिमानाशी त्याचा संबंध नाही.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न. शेवट ठाऊक नसताना, शेवटावर अवलंबून असलेला निर्णय करावयाचा कसा? येथे बाहेरच्या खुणांवर विसंबावे लागते, आणि त्या पुष्कळदा पुरतात. विनोदी कथा असेल तर क्रमाची चिंता सोडावी. गुन्ह्याची, भीतीची किंवा प्रेमाची कथा असेल, आणि पाहून आलेली माणसे शेवटाबद्दल विचारताच गप्प होत असतील, तर मूळ आधी पाहावे. लांबी पाहावी: पुनर्निर्मिती मुळापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक आखूड असेल, तर काहीतरी गाळले आहे, आणि जे गाळतात ते बहुधा सावकाश चालणारे असते. दिग्दर्शक तोच आहे का, हेही पाहावे. निशिकांत कामत यांनी २००५ चा 'डोंबिवली फास्ट' स्वतःच २००७ साली तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' म्हणून केला. विशाल फुरिया यांनी २०१७ चा 'लपाछपी' २०२१ साली हिंदीत 'छोरी' म्हणून केला. कर्ता एकच असला की दुसऱ्या वेळी कथेचा मर्म हरवण्याचे भय कमी होते. तरी 'डोंबिवली फास्ट'मधली लोकलची गर्दी चेन्नईत नेता येत नाही, आणि त्या गर्दीतूनच त्या माणसाचा संताप जन्मलेला आहे.

नाव पाहून मात्र निर्णय करू नये. २०२५ साली 'धडक २' आला, तेव्हा पुष्कळांना वाटले की 'सैराट'च्या कथेचा हा पुढचा भाग. प्रत्यक्षात तो मारी सेल्वराज यांच्या २०१८ च्या तमिळ 'परियेरुम पेरुमाळ' या चित्रपटाची पुनर्निर्मिती आहे, आणि पहिल्या 'धडक'ने जी जात पुसट केली होती ती येथे कथेच्या मध्यभागी आहे. त्याचा क्रम लावावयाचा तर तमिळ चित्रपटाशी लावला पाहिजे.

आणखी एक चूक मी केली होती, ती म्हणजे दोन चित्रपटांत एकाच रात्रीचे अंतर ठेवले. पहिल्याची गाणी कानात असताना दुसरा पाहिला की मन कथा पाहत नाही, यादी करते: हे आहे, ते नाही, हे बदलले. महिनाभर जाऊ दिला असता तर 'धडक'चे चेहरे थोडे तरी फिके झाले असते.

भाची दिवाळीत पुन्हा येणार आहे. तिने 'अशी ही बनवाबनवी' पाहिलेला नाही, 'बीवी और मकान'ही पाहिलेला नाही. फोनवर तिने या वेळी आधीच विचारून घेतले. मराठी आधी, असे मी सांगितले. "पण मामा, मूळ तर हिंदी आहे ना?" असे ती म्हणाली. तेव्हा तिला सांगितले, की लुगडे नेसलेले दोन पुरुष पहिल्या अर्ध्या तासात दिसतीलच, तू कितीही उशी तोंडावर धरलीस तरी.